कोपऱ्याच्या कपाटांचा भाव

वर्तमानपत्रात मी अठरा वर्षं बाजारभावाचं पान पाहिलं. कांदा, तूरडाळ, गूळ, खोबरेल, सोनं. रोज संध्याकाळी आकडे यायचे, ते तपासून चौकटीत बसवायचे. एखादा आकडा आदल्या दिवसापेक्षा फार वर किंवा खाली असला की फोन करून कारण विचारायचं. कारण नेहमी मिळायचं. आवक घटली, ट्रक अडकले, सण तोंडावर आला. कारण नसलेला भाव माझ्या पाहण्यात नव्हता. निवृत्त होऊन वसईच्या फ्लॅटमध्ये पूर्णवेळ राहू लागलो तेव्हा, भावांबद्दल आपल्याला जे कळायचं ते कळून झालं आहे, अशी माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, बाई माझ्याकडे आल्या. बाई म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शिक्षिका. त्याही निवृत्त. वसईजवळच सांडोर गावात वडिलांच्या घरात एकट्या राहत. बाजारात भेटलो की बोलणं व्हायचं, पण एकमेकांच्या घरी जाण्याइतका परिचय नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण होतं.

ते माझ्याच पानावरचं होतं. मुंबईतल्या एका लिलावात शिसवी लाकडाची, कोपऱ्यात बसणारी दोन जुनी कपाटं चार लाख साठ हजारांना गेल्याची आठ ओळींची बातमी. मथळा होता, ‘जुन्या शिसवाला सोन्याचे दिवस’. बातमी बाहेरून आलेली होती, मथळा मी दिलेला. शेवटचं वाक्यही माझंच होतं: ‘जुन्या लाकडी सामानाचे भाव यापुढे चढेच राहतील, असा जाणकारांचा अंदाज आहे.’ कोणत्या जाणकारांचा, हे मला आठवेना. बहुधा चौकट भरायला एक ओळ कमी पडत असावी.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाजारभावाचं पान मी पाहायचो, एवढंच माहीत होतं, आणि म्हणून त्या आल्या होत्या.

“पंधरा वर्षं झाली याला,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, मी तेव्हा चूक केली का?”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. वडिलांच्या बैठकीच्या खोलीत शिसवी कपाटांची जोडी होती. तिकोनी, काचेच्या दारांची, खोलीच्या दोन कोपऱ्यांत अगदी चपखल बसणारी. एकाच्या चौकटीवर कोरलेली वेल डावीकडे वळते, दुसऱ्याची उजवीकडे. एकाचं दार या बाजूला उघडतं, दुसऱ्याचं त्या बाजूला. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा कोणाला कमी-जास्त नको म्हणून एक बाईंना आलं आणि एक त्यांच्या धाकट्या भावाला. भाऊ वसईतल्याच होळी नावाच्या भागात राहतो. तिथली केळीची आणि भाजीची वाडी त्याच्याकडे आहे. त्याचं कपाट टेम्पोतून होळीला गेलं, बाईंचं आहे तिथेच राहिलं. दोघांनाही ही वाटणी न्यायाची वाटली.

पुढे एक जुन्या सामानाचा व्यापारी दारावर आला. जोडी मिळाली तर एक लाख दहा हजार देतो म्हणाला. एकेकटं नको. त्याच सुमाराला भावाच्या वाडीला लागून पाच गुंठे विकायला निघाले होते आणि इसार द्यायला त्याला पैसे हवे होते. त्याने बहिणीला विचारलं, माझा हिस्सा तर आहेच, तुझाही मला उसना दे. बाई तयारही झाल्या असत्या. पण त्याच आठवड्यात ही बातमी आली. चार लाख साठ हजारांची वस्तू एक लाख दहाला मागणारा माणूस लुबाडतो आहे, हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. त्यांनी व्यापाऱ्याला नाही सांगितलं आणि भावाला थांबायला सांगितलं. भाऊ दोन महिने थांबला. पाच गुंठे दुसऱ्याने घेतले. आज तिथे सात मजली इमारत आहे आणि दुपारनंतर तिची सावली भावाच्या केळींवर पडते.

तेव्हापासून भाऊ बहिणीच्या घरी आलेला नाही. चर्चमध्ये दिसतो, लग्नाला आणि मयताला बोलतो. नाताळात फराळाचा डबा मुलांच्या हाती येतो.

“मी वाट बघत होते,” बाई म्हणाल्या. “भाव वाढला की त्याला दाखवणार होते. घे, तुझे पाच गुंठे यात आहेत म्हणून. आता गेल्या महिन्यात त्या व्यापाऱ्याच्या गोदामावर जाऊन आले. अठरा हजार म्हणाला.”

ती शेवटची ओळ माझी आहे, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. चौकशी करून कळवतो म्हणालो.

चौकशी मी सवयीप्रमाणे केली. कपाटाचे फोटो काढले, मापं घेतली आणि तीन ठिकाणी विचारलं. मुंबईतल्या एका दुकानदाराने चाळीस हजार सांगितले, पण ते विकायचे, घ्यायचे नव्हेत. घ्यायचे किती, या प्रश्नावर तो म्हणाला की सध्या तो घेतच नाही. दुसऱ्याने फोटोकडे पाहून ‘कोपऱ्याचं नको’ एवढंच म्हटलं. तिसऱ्याने उलट मलाच विचारलं की पत्र्याच्या जुन्या जाहिरातींच्या पाट्या आहेत का, एनॅमलच्या, त्याला तो हवी ती किंमत देईल. तीन ठिकाणांहून एक आकडा, एक नकार आणि एक प्रश्न मिळाला. यांची सरासरी निघत नाही. वहीत मी तारीख लिहिली आणि भावाची जागा मोकळी सोडली.

मग बाईंना घेऊन त्या पहिल्या व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. चिंचोटीच्या पुढे, कामणच्या रस्त्याला आतल्या बाजूला पत्र्याची शेड आहे. व्यापारी पंचावन्नच्या आसपासचा, चष्मा गळ्यात अडकवलेला. कामगार त्याला शेठ म्हणत होते. त्याने बाईंना लगेच ओळखलं आणि त्यांच्यासाठी शिसवी खुर्ची पुढे ओढली. मला प्लास्टिकची मिळाली.

मी विचारलं, की वस्तू तीच, लाकूड तेच, उलट पंधरा वर्षांनी जास्त जुनी झालेली. मग भाव सहापटीने उतरला कसा. तो म्हणाला की सहापटीने नाही, कारण तेव्हाचा भाव जोडीचा होता आणि आजचा एकट्याचा. कोपऱ्याचं कपाट एकटं असलं की ते जोडीच्या निम्म्या किमतीचं राहत नाही. घेणारा पहिला प्रश्न विचारतो, दुसरं कुठे आहे. हे बरोबर होतं आणि मला सुचायला हवं होतं. पण त्याने फरक पूर्ण भरून निघत नव्हता.

“दुर्मिळ आहे ना पण?” बाईंनी विचारलं.

शेठने एका कोपऱ्यात नेऊन फडकं बाजूला केलं. खाली शिसवी लाकडाची, नक्षीदार हातांची खुर्ची होती आणि बैठकीला मधोमध गोल भोक. खाली चिनी मातीचं भांडं ठेवायची सोय.

“ही कमोडची खुर्ची,” तो म्हणाला. “अशी दुसरी माझ्या पाहण्यात नाही. बारा वर्षं आहे माझ्याकडे. बाई, तुम्हाला देऊ?”

बाई हसल्या नाहीत. वर्गात कोणी वात्रट उत्तर दिल्यावर बघावं तशा त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने फडकं परत टाकलं.

त्या खुर्चीशेजारीच साध्या सागवानी खुर्च्या होत्या. वेताची बैठक, उलट्या व्हीसारखे पाय, सरकारी कचेरीत असायच्या तशा. साठेक वर्षांच्या. एकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात जुना नंबरही होता. त्या शिसवी कपाटाच्या दुपटीने जातात, असं शेठने सांगितलं. अशा खुर्च्या एकेकाळी भंगारात निघाल्या होत्या. मग परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले आणि आता नंबर घालून नकलाही होतात. त्याच्याकडच्या खऱ्या आहेत का, असं मी विचारलं. तो म्हणाला की तो त्यांना खऱ्या म्हणत नाही, जुन्या म्हणतो.

मी वहीत लिहून घेत होतो. शंभर वर्षांची, हाताने कोरलेली वस्तू खाली, साठ वर्षांची कचेरीतली खुर्ची वर. कारण, फॅशन. लोकांना गडद लाकूड नको झालं आहे, फ्लॅटच्या खोल्या लहान, कोपऱ्यात एसीचा पाइप किंवा टीव्ही. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त फॅशन का बदलली, या रकान्यात लिहायला काही नव्हतं. शेठला विचारलं तर तो म्हणाला, ते कळलं असतं तर ही शेड भरलेली दिसली नसती.

शेवटी मी कात्रण काढलं आणि त्या लिलावाबद्दल विचारलं. शेठने चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“यात लिहिलेल्या आकड्यात लिलाववाल्यांचं कमिशन धरलेलं आहे. विकणाऱ्याच्या हातात एवढे आले नाहीत,” तो म्हणाला. “आणि त्या दिवशी शेवटपर्यंत दोनच माणसं होती. एक मुंबईचा संग्राहक. दुसऱ्याने गोव्याला जुना बंगला घेतला होता, त्याला त्या बंगल्यासाठी पाहिजे होती. दोघं इरेला पेटले. तिसरा माणूस नव्वद हजारांवर थांबला होता. तिसऱ्याचा आकडा पेपरात येत नाही.”

“तो तिसरा कोण?” मी विचारलं.

“मीच.”

मग मी विचारलं, नव्वदवर थांबलेल्या माणसाने बाईंना एक लाख दहा कसे देऊ केले. शेठ थोडा घुटमळला. इतकी वर्षं गेली, आता लपवण्यात अर्थ नाही, असं म्हणून त्याने सांगितलं. लिलावात गोव्याचा माणूस हरला. त्याची हौस मात्र तशीच राहिली. तशी जोडी त्याला दुसऱ्या दिवशीही हवीच होती. शेठने वसईतली घरं आठवली, बाईंच्या वडिलांकडे लहानपणी पाहिलेली कपाटं आठवली आणि दार वाजवलं.

“म्हणजे तुम्ही त्याला कितीला देणार होता?” बाईंनी विचारलं.

“तीन, साडेतीन. बाई, तुम्ही तेव्हा दोन मागितले असते तर मी दिले असते. तुम्ही मागितलेच नाहीत. सरळ नाही म्हणालात.”

“आणि दोन महिन्यांनी परत का आला नाहीत?”

“त्याला रेवदंड्याकडून जोडी मिळाली. त्याच्या खोलीला कोपरे दोनच.”

बाईंनी पदर सारखा केला. मी विचारलं की मग बाजारात भाव कधी पडला. शेठच्या म्हणण्याप्रमाणे, लगेच नाही. आधी दोन वर्षं तो चढला. बातमी वाचून लोकांनी माळे, पडव्या, गोठे उघडले. जी कपाटं मोजकीच आहेत असं सगळे धरून चालले होते, ती साष्टीपासून अलिबागपर्यंत निघू लागली. शेठनेही चढ्या भावाने घेतली, एकूण अकरा. मग राजस्थानातून जुन्या लाकडात केलेल्या नव्या जोड्या आल्या. खरी कोणती हे सांगणं अवघड झालं तशी गिऱ्हाइकं बिचकली. मग तो मुंबईचा संग्राहक वारला. मुलांना ते सामान नको होतं. त्यांनी सगळं एकदम विकायला काढलं. सर्वांत मोठा घेणारा एका दिवसात सर्वांत मोठा विकणारा झाला.

“तुम्ही अकरा कशाला घेतली?” मी विचारलं.

“पेपरात आलं होतं ना,” शेठ म्हणाला, “चढेच राहणार म्हणून.”

परतीच्या रिक्षात मी बाईंना सांगितलं की ती ओळ माझी होती. कामणचा फाटा गेल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे जाणकार तुम्ही.” नंतर त्यांनी आपला हिशेब मांडला. व्यापारी कमी देतो आहे हा त्यांचा संशय खरा होता. म्हणजे त्या बरोबर होत्या. पण नाही म्हणून त्यांनी भावाचे पाच गुंठे घालवले. म्हणजे चूक होत्या. त्यांनी मला विचारलं की दोन्ही एकाच वेळी कसं असेल. कांद्याच्या बाबतीत असा प्रश्न येत नाही.

शेठने मात्र दुसऱ्या कपाटाची गोष्ट डोक्यात ठेवली होती. आठवड्याभरात तो होळीला जाऊन भावाला भेटला आणि तिथून त्याने मला फोन केला. भावाच्या कपाटाला पांढरा ऑइलपेंट मारलेला आहे, वेलीसकट, दोन हात. मी म्हटलं, म्हणजे तेही गेलं. तो म्हणाला, नाही, त्याचे मी सव्वीस देतो.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बिघडवलेल्याचे सव्वीस आणि जपलेल्याचे अठरा? शेठने समजावलं. संग्राहकाच्या दृष्टीने ते कपाट खलास. त्याला जुनं पॉलिश, जुना हात लागतो. पण आता घेतो कोण? होमस्टे, कॅफे, त्यांची सजावट करणारे. त्यांना गडद काळं लाकूड नको, पांढरं आणि कडांना जरा उडालेलं हवं. किनाऱ्यावर एक होमस्टे होत होता, त्याच्या सजावटकार बाईला कोपऱ्याच्या कपाटांची जोडी हवी होती. पांढरी. बाईंनी आपल्या कपाटाला तसाच रंग लावू दिला तर जोडीचे तो पंचाहत्तर हजार देणार होता. रंगाचा खर्च त्याचा.

मी वहीची दोन पानं यावर घालवली. जपून ठेवल्याने किंमत उतरते आणि रंग फासल्याने वाढते, हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण सध्यापुरतं ते खरं होतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. आत मदर मेरीची मूर्ती, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली वाळकी झावळी, शाळेने निवृत्तीला दिलेली ट्रॉफी. दर शनिवारी त्या मऊ कापडाने वेल पुसत. मला वाटलं त्या नाही म्हणतील.

“माझ्या भावाला निरोप द्या,” त्या म्हणाल्या. “कपाट घेऊन ये म्हणावं. रंग तोच लावेल. सगळे पैसे त्याचे.”

भाऊ नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर आला. पायात चपला, अंगात चर्चला जातानाचा पांढरा शर्ट. टेम्पोत कपाट, वर गोणपाट. दोन माणसांनी ते बैठकीत आणून रिकाम्या कोपऱ्यात ठेवलं. जमिनीवर जुन्या पायांच्या खुणा होत्या. कपाट तिथे बसवायला कोणाला माप घ्यावं लागलं नाही. माणसं टेम्पोबरोबर गेली. माझ्याबरोबर आधीच येऊन बसलेला शेठ मोबाइलवर फोटो काढू लागला. एक काळं, एक पांढरं.

बहीणभाऊ आपसात घरच्या बोलीत बोलत; भाऊ बहिणीला ‘बाय’ म्हणे. ती मला कळते, लिहिता येत नाही, म्हणून इथे माझ्या मराठीत देतो.

बाईंनी आतून रंगाचा डबा आणि ब्रश आणला, मूर्ती उचलून टेबलावर ठेवली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. “लाव,” त्या म्हणाल्या.

भावाने डब्याचं झाकण चमच्याने उघडलं. ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि कपाटासमोर उकिडवा बसला. वेलीची पानं बराच वेळ पाहत राहिला.

“माझ्या कपाटावर पण अशीच आहे ना?” त्याने विचारलं.

“उलट्या बाजूला वळते. तुला माहीत नाही?”

“दिसत नाही आता.”

“का लावलास रंग?”

“तुझं नाही म्हणणं आठवायचं ते बघून. रोज जेवायला बसलं की समोर. त्या कपाटात माझे पाच गुंठे अडकले होते.”

भावाने मान वळवून शेठला विचारलं, रंग काढला तर. शेठ म्हणाला की निघेल, पण खोदकामात पांढरं राहील, पॉलिश नवं करावं लागेल आणि ते नवं दिसेल. आणि एवढं करून काळ्या जोडीला आज तसा घेणारा नाही. कदाचित दहा वर्षांनी येईल. कदाचित येणार नाही.

“मग याचा खरा भाव कोणता?” भावाने विचारलं. “एक दहा, चार साठ, अठरा का पंचाहत्तर?”

“घेणारा समोर उभा आहे तोवर जो असेल तो,” शेठ म्हणाला. “आज पंचाहत्तर.”

“आणि हे पेपरवाले सांगतात ते कशाला धरून?” भावाने ब्रशने माझ्याकडे दाखवलं. रंगाचा एक थेंब वर्तमानपत्रावर पडला.

मी सांगितलं की भाव चढेच राहतील ही ओळ माझी आणि ती कशालाच धरून नव्हती. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमची ओळ,” तो म्हणाला. “मी तिला पंधरा वर्षं बायची समजत होतो.”

त्याने ब्रश वर्तमानपत्राला पुसला, डब्याचं झाकण मुठीने ठोकून बसवलं आणि उठला. गुडघा धरून, एका हाताने भिंतीचा आधार घेत.

“नाही लावत. एक मी खराब केलं, पुरे झालं.”

“अरे, पैसे तुला आहेत,” बाई म्हणाल्या. “पंचाहत्तर.”

“त्यात काय पाच गुंठे येतात? पाच फूट पण येणार नाहीत, बाय.”

शेठने एकदा समजावून पाहिलं, मग एकट्या पांढऱ्याचे सव्वीस अजून आहेत असं सांगून तो निघाला. भाऊ त्याला नंतर सांगतो म्हणाला. बाईंनी विचारलं, कपाट परत कसं नेणार. टेम्पो तर गेला.

“राहू दे इथेच. दोनदा भाडं कोण देणार,” भाऊ म्हणाला आणि हात धुवायला मागच्या मोरीवर गेला. त्याला मोरी कुठे आहे ते विचारावं लागलं नाही. बाईंनी मूर्ती परत काळ्या कपाटात ठेवली. मला त्यांनी जेवून जा म्हटलं. मी थांबलो नाही.

तीन आठवड्यांनी शेठचा फोन आला. होमस्टेच्या सजावटकार बाईने बेत बदलला होता. आता तिथे वेत आणि फिकट लाकूड. पांढरी जोडी असती तरी तिने घेतली नसती. आणि जाता जाता त्याने सांगितलं की हैदराबादच्या कोणी तरी काळ्या शिसवी जोडीची चौकशी केली आहे, पण नुसती चौकशी. मी विचारलं, याचं कारण काय. तो म्हणाला, एका माणसाने घर घेतलं असेल.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देण्याची पद्धत आहे. ‘अमुक अंकात अमुक प्रसिद्ध झाले. ते तमुक असे वाचावे.’ पंधरा वर्षं उशिरा का होईना, ती लिहून बाईंना द्यावी असं मी ठरवलं. पहिला भाग लिहायला दोन मिनिटं लागली: लिलावातील किंमत ही केवळ दोन बोली लावणाऱ्यांमुळे झालेली होती, तीत कमिशन समाविष्ट होते, व भाव चढे राहतील हा अंदाज कोणत्याही जाणकाराचा नव्हता. ‘ते असे वाचावे’ यापुढे काय लिहायचं ते मात्र जमेना. चढे राहतील ऐवजी उतरतील म्हणावं, तर पहिली दोन वर्षं चढले होते. उतरले म्हणावं, तर हैदराबाद. चार-पाच मसुदे झाले. मी नोकरीत असताना असा मजकूर सहकाऱ्याने दिला असता तर परत पाठवला असता.

शेवटी तसाच, अर्धा, पाकिटात घालून नाताळच्या आधी सांडोरला नेऊन दिला. दार भावाने उघडलं. बैठकीत बाई खाली बसून कल्कल्यांना, नाताळच्या गोड फराळाला, आकार देत होत्या. बाईंचे हात मैद्याचे, म्हणून पाकीट भावाने घेतलं आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीशी तो थांबला आणि कागद उलटा करून पाहिला.

“पुढचं कुठे आहे?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं.

त्याने कागदाची घडी घातली. काळ्या कपाटाचा खण उघडून पाहिला. तो मेणबत्त्या आणि जुन्या पावत्यांनी भरलेला होता. मग पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पांढऱ्या कपाटाचं दार उघडलं. आत त्याचा रिकामा डबा, नातवंडाचा स्वेटर आणि केळीच्या औषधाची बाटली होती. कागद त्याने बाटलीखाली ठेवला.

“बाय, यांना चहा,” तो म्हणाला.

“मग टाक की,” बाई म्हणाल्या. “माझे हात भरलेत.”

तो आत गेला.